ॲसेटिक आम्लाची Λ° आलेखावरून २७ येतेय? पट्टी बाजूला ठेवा

कंडक्टन्सचे प्रॅक्टिकल सुरू झाले की दरवर्षी कुणी ना कुणी आलेखाचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी येतं. Λ°, म्हणजे अनंत विरलतेची मोलर वाहकता, आलेखावरून काढायची असते आणि तक्रार ठरलेली असते. "सर, द्रावणं नीट बनवली, सेल धुतला, रीडिंग दोनदा घेतली. सोडियम क्लोराइडचं उत्तर बरोबर आलं. ॲसेटिक आम्लाचं मात्र २७ येतंय आणि पुस्तकात ३९०.७ दिलंय. कुठे चुकलं?"

बहुतेक वेळा मोजमापात काही चुकलेलं नसतं. मीटर ठीक असतो, पिपेटही ठीक असतं. त्या बिंदूंमधून सरळ रेषा काढली, तिथेच सगळं बिघडलेलं असतं. मी स्वतः विद्यार्थी असताना हाच उद्योग केला होता. वर उत्तर जुळेना म्हणून एक बिंदू 'चुकीचा' ठरवून खोडलाही होता. खोडलेला बिंदू बरोबर होता, हे खूप उशिरा कळलं.

(खालचे मोलर वाहकतेचे सगळे आकडे S cm² mol⁻¹ मध्ये आणि २५ अंश सेल्सिअसचे आहेत. एकक परत परत लिहीत नाही.)

आधी लक्षण नीट बघू

ॲसेटिक आम्ल आणि त्याचंच मीठ सोडियम ॲसिटेट, दोघांचे आकडे शेजारी ठेवले की दुखणं लगेच दिसतं.

| संहती (मोल प्रति लिटर) | संहतीचं वर्गमूळ | ॲसेटिक आम्ल | सोडियम ॲसिटेट |
|---|---|---|---|
| ०.१ | ०.३१६ | ५.२ | ७२.८ |
| ०.०५ | ०.२२४ | ७.४ | ७६.९ |
| ०.०२ | ०.१४१ | ११.६ | ८१.२ |
| ०.०१ | ०.१०० | १६.२ | ८३.८ |
| ०.००१ | ०.०३२ | ४८.६ | ८८.५ |

ॲसिटेटचा स्तंभ वरून खाली वाचा. द्रावण शंभर पट पातळ केलं तरी आकडा ७२.८ वरून ८८.५ वरच गेला. तो सावकाश चढतो आणि चढाचा वेगही फारसा बदलत नाही. असे बिंदू वर्गमूळाच्या अक्षावर मांडले की जवळजवळ सरळ रेषेत बसतात, विशेषतः पातळ टोकाला. ती रेषा शून्यापर्यंत मागे वाढवणं यात गैर काही नाही.

आता आम्लाचा स्तंभ. तेवढंच पातळ केल्यावर ५.२ चे ४८.६ झाले, म्हणजे नऊ पटीहून जास्त. आणि ही चढण थांबायचं नाव घेत नाही. ०.०००१ मोलरला आकडा १३४ च्या आसपास जातो.

निदानासाठी एक सोपी चाचणी सांगतो. प्रत्येक वेळी फक्त शेवटचे दोन बिंदू घ्या, त्यांतून रेषा काढा आणि ती शून्याला कुठे छेदते ते पाहा. ०.०२ आणि ०.०१ चे बिंदू घेतले तर इंटरसेप्ट येतो २७. ०.०१ आणि ०.००१ घेतले तर ६४. ०.००१ आणि ०.०००१ घेतले तर १७३. आम्ल तेच, तापमान तेच, तरी उत्तरं तीन. तुम्ही मोजणं कुठे थांबवलंत त्यावर उत्तर ठरत असेल, तर ते उत्तर आम्लाचं नाही, तुमच्या शेवटच्या फ्लास्कचं आहे. सोडियम ॲसिटेटवर हीच चाचणी करून पाहा. इंटरसेप्ट नव्वदीच्या आसपासच घोटाळतो.

वक्र असा का चढतो

विरलनाने मोलर वाहकता वाढते, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण या एका वाक्यात दोन वेगळी कारणं लपलेली आहेत आणि ती एकत्र धरली की गोंधळ होतो.

पहिलं कारण आयनांच्या चालीचं. द्रावण दाट असताना प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराच्या आयनांचं एक सैलसर कोंडाळं असतं आणि ते त्याला मागे खेचतं. पातळ केलं की कोंडाळं विरतं, आयन मोकळा पळतो. हा परिणाम संहतीच्या वर्गमूळाप्रमाणे बदलतो. डिबाय आणि ह्युकेल यांनी १९२३ मध्ये या कोंडाळ्याचं गणित मांडलं आणि नंतर ऑनसागरने ते सुधारलं. पण कोलराउशला वर्गमूळाचा संबंध त्याआधीच, नुसत्या मोजमापातून सापडला होता. या परिणामाचा आवाका लहान आहे. ०.०१ मोलरपासून अनंत विरलतेपर्यंत सोडियम ॲसिटेटमध्ये तो आठ टक्क्यांच्या आसपास भरतो.

दुसरं कारण आयनांच्या संख्येचं. सोडियम ॲसिटेट पाण्यात पडलं की सगळंच सुटं होतं. त्यामुळे दर मोलमागे आयन किती, हा आकडा पातळ केल्याने बदलत नाही. ॲसेटिक आम्लाचं तसं नाही. ०.१ मोलरला शंभरातले जेमतेम १.३ रेणू फुटलेले असतात. ०.०१ ला ४, ०.००१ ला १२, ०.०००१ ला ३४. बाकीचे रेणू अखंड, भार नसलेले. विजेच्या वहनात त्यांचा काही हातभार नाही.

म्हणजे आम्लाच्या आलेखावर जी चढण दिसते ती जवळजवळ सगळी दुसऱ्या कारणाची आहे. आयन वेगाने पळायला लागले म्हणून आकडा वाढत नाही, पळणारे वाढले म्हणून वाढतो. वर्गमूळाचं सूत्र `Λ = Λ° − K√c` फक्त पहिल्या कारणासाठी बनलेलं आहे. दुसऱ्या कारणाने घडलेल्या वक्रावर ते लावलं तर रेषा निघते, इंटरसेप्टही निघतो, पण त्याला अर्थ नसतो.

"मग अजून पातळ करत जाऊ"

हा प्रश्न हुशार मुलं हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. आम्ल पुरेसं पातळ केलं तर कधी ना कधी सगळे रेणू फुटतीलच. तिथे मोजलं तर?

किती पातळ करावं लागेल, ते आम्लाच्या विचरण स्थिरांकावरून काढता येतं. ॲसेटिक आम्लाचा `Ka` सुमारे १.७५ × १०⁻⁵ आहे. संहती याच्या बरीच खाली गेल्याशिवाय विचरण पूर्णत्वाला पोचत नाही. ०.००००१ मोलरला हिशेब केला तर ७१ टक्के येतात. आणखी दहा पट खाली, ०.०००००१ मोलरला, ९५ टक्के. तिथेही पाच टक्के कमीच.

आता त्या द्रावणाची वाहकता प्रत्यक्षात किती असेल ते बघा. ०.००००१ मोलरला मोलर वाहकता २७८ धरली तर मीटरवर दिसतील २.८ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. ०.०००००१ मोलरला फक्त ०.३७. आणि ज्या पाण्यात हे द्रावण बनवलं ते पाणी? अगदी शुद्ध पाण्याची वाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते, पण तसं पाणी उघड्या बीकरमध्ये टिकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि आकडा १ च्या जवळ पोचतो. म्हणजे एक मायक्रोसीमेन्सच्या कोलाहलात ०.३७ ची कुजबुज ऐकायची. आमच्या प्रयोगशाळेतलं डिस्टिल्ड पाणी तर सकाळी १.५ दाखवतं आणि दुपारी २.

पाण्याची वाहकता वजा करून टाकू, असं म्हणाल तर तिथे आणखी एक मेख आहे. पाण्यातली वाहकता मिठाच्या अंशामुळे असेल तर वजाबाकी बरोबर. पण ती विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असेल तर आम्ल घातल्यावर त्या कार्बोनिक आम्लाचं विचरण दाबलं जातं आणि त्याचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो. जो वाटा उरलेलाच नाही तो वजा केला तर उत्तर उलट्या बाजूला चुकतं. ०.००१ मोलरला मीटरवर ४८.६ मायक्रोसीमेन्स असतात, तिथे एकाचा फरक दोन टक्क्यांचा. ०.०००००१ मोलरला तोच एकाचा फरक अख्ख्या रीडिंगला गिळतो.

थोडक्यात, वक्र जिथे वळून शांत होतो तो भाग आलेखावर असतो खरा, पण आपला मीटर तिथवर पोचायच्या आधी पाणीच बोलायला लागतं.

"मग वक्रच सरळ करून घेऊ"

एम.एस्सी.चे विद्यार्थी इथे थांबत नाहीत. ऑस्टवाल्डचा विरलन नियम उलटसुलट मांडला की एक सरळ रेषा मिळते:

`1/Λ = 1/Λ° + cΛ/(Ka·Λ°²)`

`cΛ` विरुद्ध `1/Λ` मांडा, इंटरसेप्ट हा Λ° चा व्यस्त. तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे, कारण इथे विचरण बदलतं हे गृहीत धरलेलं आहे. पण करून बघा म्हणजे मजा कळेल.

०.१ आणि ०.०१ मोलरचे दोनच बिंदू घेतो. पहिल्याचं `cΛ` म्हणजे ०.५२ आणि `1/Λ` म्हणजे ०.१९२३. दुसऱ्याचं ०.१६२ आणि ०.०६१७. रेषेचा उतार ०.३६५, इंटरसेप्ट ०.००२६४, म्हणजे Λ° आली ३७९. वा! ३९०.७ च्या किती जवळ. आता समजा माझ्या मीटरने ०.०१ मोलरला १६.२ ऐवजी १६.३ दाखवलं. फरक एक टक्क्याहूनही कमी. तोच हिशेब पुन्हा केला की इंटरसेप्ट होतो ०.००१५६ आणि Λ° होते ६४२.

शेवटच्या अंकात एकाचा फरक, आणि उत्तर ३७९ वरून ६४२ वर. कारण उघड आहे. बिंदू ०.०६ आणि ०.१९ वर आहेत आणि आपण शोधतोय ०.००२५ च्या आसपासचा इंटरसेप्ट. दूरच्या दोन मोठ्या आकड्यांतून एक इवलासा आकडा उरवायचा, तर मोजमापातली सगळी चूक त्याच्याच माथी बसते. उतार मात्र या पद्धतीत बराच स्थिर राहतो. म्हणून Λ° दुसरीकडून माहीत असेल तर `Ka` काढायला हा आलेख चांगला. Λ° काढायला नाही.

उपाय: आम्लाला न विचारता त्याच्या आयनांना विचारा

फ्रीडरिश कोलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात मिठांच्या द्रावणांची वाहकता फार काटेकोरपणे मोजली. एकदिश प्रवाहाने इलेक्ट्रोडवर बुडबुडे आणि साठे जमून रीडिंग बिघडतं, म्हणून त्याने उलटसुलट वाहणारा प्रवाह वापरला. आपल्या टेबलावरचा मीटर आजही तेच करतो. ॲर्‍हेनियसचा विचरणाचा सिद्धांत १८८७ चा. म्हणजे आयन पाण्यात आपोआप सुटे होतात हे सर्वमान्य व्हायच्या आधीच कोलराउशला ते सुटे वागताना दिसले होते.

त्याला काय दिसलं? आजचे आकडे घेऊन सांगतो. पोटॅशियम क्लोराइडची अनंत विरलतेची मोलर वाहकता १४९.९ आणि सोडियम क्लोराइडची १२६.५. फरक २३.४. आता क्लोराइड काढून नायट्रेट बसवा. पोटॅशियम नायट्रेट १४५.०, सोडियम नायट्रेट १२१.६. फरक पुन्हा २३.४. सोडियमच्या जागी पोटॅशियम आणल्याने जी भर पडते, ती जोडीदार कोण आहे याची पर्वा करत नाही.

यावरून एकच गोष्ट निघते. अनंत विरलतेला आयन एकमेकांपासून इतके लांब असतात की प्रत्येक जण आपापली चाल चालतो. सोडियमचा वाटा ५०.१, पोटॅशियमचा ७३.५, क्लोराइडचा ७६.३, ॲसिटेटचा ४०.९, हायड्रोजन आयनाचा ३४९.८. पदार्थाची Λ° म्हणजे त्याच्या आयनांच्या या वाट्यांची बेरीज, बाकी काही नाही.

आणि इथेच सौम्य आम्लाची गाठ सुटते. ॲसेटिक आम्लातून निघणारा ॲसिटेट आयन आणि सोडियम ॲसिटेटमधला ॲसिटेट आयन हे एकच. हायड्रोजन आयनही हायड्रोक्लोरिक आम्लातला तोच. मग जो पदार्थ अर्धवट फुटतो त्याच्या नादी कशाला लागायचं? त्याचे दोन्ही आयन पूर्ण फुटणाऱ्या दुसऱ्या पदार्थांत मिळतात. तिथे रेषा सरळ येते, इंटरसेप्ट विश्वासाचा असतो. ते मोजायचे आणि नको असलेले आयन वजा करायचे.

`Λ°(CH₃COOH) = Λ°(HCl) + Λ°(CH₃COONa) − Λ°(NaCl)`

वर्गात एका मुलीने यावर विचारलं होतं, "पण सर, आम्ल इतकं फुटतच नाही, मग ३९०.७ हा आकडा खोटाच नाही का?" प्रश्न चांगला आहे. Λ° म्हणजे आज तुमच्या बीकरमधलं आम्ल किती वाहतं ते नव्हे. एक मोल आम्ल पूर्ण फुटलं आणि आयन एकमेकांना अडवेनासे झाले, तर किती वाहील, ते. तो मापदंड आहे. आम्ल त्याच्या किती टक्क्यांवर आहे हे मोजायचं असेल, तर मापदंड बाहेरूनच आणावा लागतो.

एकदा पूर्ण करून बघू

मुद्दाम कमी सामग्रीत करतो. तीन तीव्र पदार्थ, प्रत्येकाची दोनच द्रावणं, ०.०१ आणि ०.००१ मोलर.

हायड्रोक्लोरिक आम्ल: ४१२.० आणि ४२१.४. वर्गमुळं ०.१ आणि ०.०३१६, म्हणजे अंतर ०.०६८४. या अंतरात ९.४ ची चढण, तर उतार १३७. उरलेल्या ०.०३१६ अंतरात आणखी ४.३ ची भर पडून इंटरसेप्ट ४२५.७.

सोडियम ॲसिटेट: ८३.८ आणि ८८.५. उतार ६९, भर २.२, इंटरसेप्ट ९०.७.

सोडियम क्लोराइड: ११८.५ आणि १२३.७. उतार ७६, भर २.४. पूर्ण दशांश धरून इंटरसेप्ट १२६.२.

`४२५.७ + ९०.७ − १२६.२ = ३९०.२`

सहा फ्लास्क, आणि उत्तर ३९०.७ पासून अर्ध्या एककावर. एक लक्षात घ्या: इथे आपण शेवटच्या बिंदूपासून फक्त एक-दोन टक्के पुढे उडी मारली. आम्लाच्या वक्रावर १६.२ पासून ३९०.७ पर्यंत चोवीस पट उडी मारायची होती.

नको असलेला जोडीदार बदलून उलटतपासणी करता येते. सोडियमऐवजी पोटॅशियमची मिठं घ्या: पोटॅशियम ॲसिटेट ११४.४, पोटॅशियम क्लोराइड १४९.९. हायड्रोक्लोरिक आम्लाचा तक्त्यातला आकडा ४२६.२. बेरीज-वजाबाकी पुन्हा ३९०.७. दोन वाटांनी वेगळं उत्तर आलं तर एखादं मीठ दमट होतं किंवा वजनात चूक झाली, असं समजा. सोडियम ॲसिटेटच्या बाबतीत ही शंका आधी घ्यावी. बाटलीवर तीन रेणू पाणी असलेलं लिहिलंय की निर्जल, हे न पाहता वजन केलं की सगळं चाळीस टक्क्यांनी हलतं.

उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं

सगळ्यात पटकन होणारी तपासणी: एकट्या हायड्रोजन आयनाचा वाटा ३५० आहे. पाण्यात हा आयन स्वतः धावत नाही, एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, म्हणून त्याचा आकडा बाकीच्यांच्या कितीतरी वर. तेव्हा कुठल्याही एकप्रोटॉनी आम्लाची Λ° ३५० च्या खाली येऊच शकत नाही. २७ असो, ६४ असो की १७३, कागदाकडे पाहताक्षणी ते बाद.

दुसरी तपासणी थोडी वेळखाऊ, पण जर्नलमध्ये लिहिण्यासारखी. मिळालेल्या Λ° ने वेगवेगळ्या संहतींचं विचरण प्रमाण काढा आणि त्यावरून `Ka`. ३९०.७ घेतलं तर ०.०१ मोलरला α = १६.२ / ३९०.७ = ०.०४१५ आणि `Ka` = १.७९ × १०⁻⁵. ०.१ मोलरला α = ०.०१३३, `Ka` पुन्हा १.७९ × १०⁻⁵. ०.००१ मोलरला १.७७ × १०⁻⁵. तिन्ही एका रांगेत.

आता तोच हिशेब २७ घेऊन करा. ०.०१ मोलरला α येतो ०.६, म्हणजे साठ टक्के आम्ल फुटलेलं. तसं असतं तर सामू २.२ असायला हवा होता. सामूपट्टी किंवा मीटर लावा, ३.४ च्या आसपास मिळेल. आणि ०.००१ मोलरला α येतो १.८. शंभरातले एकशेऐंशी रेणू फुटले! इथे मुलं स्वतःच हसतात आणि आलेख फाडायला घेतात. फाडू नका, जर्नलला लावा, शेजारी ही वजाबाकी लिहा.

उपाय करूनही उत्तर जुळत नसेल तर

एक चूक मला वारंवार दिसते. तिन्ही तीव्र पदार्थांची ०.१ मोलरची रीडिंग घ्यायची, आलेख काढायचाच नाही आणि थेट बेरीज-वजाबाकी करायची. आकडे असे: ३९१.३ + ७२.८ − १०६.७ = ३५७.४. आयनांची स्वतंत्र वाटचाल अनंत विरलतेला खरी. ०.१ मोलरला ते एकमेकांच्या पायात असतातच. आधी प्रत्येकाचा इंटरसेप्ट, मग बेरीज.

दुसरी तापमानाची. Λ° तक्त्यातून २५ अंशाची घ्यायची आणि आम्लाची Λ मे महिन्यात ३२ अंशाच्या प्रयोगशाळेत मोजायची. आयनांची वाहकता दर अंशाला साधारण दीड ते दोन टक्क्यांनी वाढते. सात अंशांत दहा टक्क्यांहून जास्त. α तेवढाच फुगतो आणि `Ka` मध्ये तो वर्गात येत असल्याने तो वीस टक्क्यांनी वर. मग "`Ka` तापमानाने वाढला" असा निष्कर्ष लिहिला जातो. खरं तर ॲसेटिक आम्लाचा `Ka` या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही. एकतर चौघांनाही एकाच तापमानाला मोजा किंवा सेल पाण्याच्या टबात ठेवा. मीटरवर तापमान भरपाईची सोय असेल तर तिचा टक्का बहुधा मिठासाठी ठरवलेला असतो, आम्लाला तो चपखल बसत नाही.

द्विसंयुजी आयन आले की गुणकाचा घोळ होतो. अमोनियम हायड्रॉक्साइडसाठी बेरियमची संयुगं वापरली तर

`Λ°(NH₄OH) = ½[Λ°(Ba(OH)₂) + 2Λ°(NH₄Cl) − Λ°(BaCl₂)]`

आकडे घातले की कंसात ५२४.४ + २९९.६ − २७९.८ = ५४४.२, आणि अर्धं म्हणजे २७२.१. तो अर्धा विसरला की उत्तर दुप्पट. जुन्या तक्त्यात बेरियमसमोर ६३.६ दिसलं तर ते अर्ध्या बेरियमचं, पूर्ण आयनाचं १२७.२.

आणि एक बारकावा, ज्यांचा `Ka` १.७९ वर अडकतो, तक्त्यातल्या १.७५ वर येत नाही, त्यांच्यासाठी. α काढताना आपण Λ ला Λ° ने भागतो, पण ०.०१ मोलर आम्लातले जे थोडे आयन आहेत तेही पूर्ण मोकळे नसतात. त्या द्रावणात आयनांची संहती सुमारे ०.०००४ मोलर. म्हणून भागायचं ते Λ° ने नाही, तर ०.०००४ मोलरला तीव्र पदार्थांची जी बेरीज-वजाबाकी येते तिने, म्हणजे साधारण ३८८ ने. वर जी ०.१ मोलरची बेरीज मी चूक म्हटली, तीच योग्य संहतीला केली की कामाची ठरते. एवढं केल्याने α किंचित वर जातो आणि `Ka` १.८ च्याही जरा पुढे सरकतो. तो खाली १.७५ वर आणायला आयनांच्या ॲक्टिव्हिटीचा गुणक लावावा लागतो, ०.०००४ मोलरला सुमारे ०.९८, आणि `Ka` च्या सूत्रात तो वर्गाने येतो.